हलक्या पट्ट्यांची पेटी

कोठी भागात पुस्तकांच्या दुकानांच्या मागे जी गल्ली जाते, तिच्या तोंडाशीच दत्तोबा हळदकरांचं दुकान होतं. नवी वाद्यं ते ठेवत नसत. लोकांनी वाजवून ठेवलेल्या पेट्या, तंबोरे, एखादा दिलरुबा, कातडं बदललेले तबले असं सगळं तिथे असायचं आणि प्रत्येक वाद्याला दोऱ्याने बांधलेली एक चिठ्ठी असायची. मी तेव्हा मराठी शाळेत शिकवत होतो. शाळा सुटली की घरी जाताना त्यांच्या बाकावर टेकायचो आणि त्या चिठ्ठ्या वाचायचो.

चिठ्ठीत चार गोष्टी यायच्याच. वाद्य कुठल्या घडणीचं, सध्या कसं वाजतं, काय काय दुरुस्ती झाली आणि सोबत काय मिळेल. दुरुस्तीबद्दल लिहिताना दत्तोबा स्वतःलाही सोडत नसत. एका तंबोऱ्यावर त्यांनी लिहिलं होतं : ‘भोपळ्याला तडा. मी सांधला आहे. सांधा दिसतो, कारण माझा हात त्या दिवशी बरा नव्हता.’ गिऱ्हाईक हसायचं आणि तंबोरा घेऊन जायचं. गल्लीत त्या चिठ्ठ्यांना दत्तोबांची कुंडली म्हणत. शेजारचे घड्याळवाले म्हणायचे, “ह्यांच्या मुलीचं लग्न जमणं मुश्कील आहे हो. मंगळ असेल तर हे पत्रिकेच्या वरच लिहितील.” दत्तोबांना तीन मुलगेच होते, पण ते म्हणायचे, “हौ, लिहीन. मागाहून परेशानी नको.”

आमचं राज्य मोडून तीन भाषांच्या राज्यांत वाटलं गेलं, त्या वर्षी दुकान भरून वाहू लागलं. सरकारी नोकरीतली मराठी घरं औरंगाबादला, मुंबईला निघाली होती. कोणाची फाईल कुठे जाणार यावरून संसार कुठे जाणार ते ठरत होतं. माणसं भांडी-अंथरुणं बांधायची आणि मोठी वाद्यं दत्तोबांकडे आणून टेकवायची.

सावित्रीबाई पाठकांची पेटी अशीच आली. बाई बरकतपुऱ्यात राहत. यजमान वकील होते, ते वारल्यावर त्यांनी मुलींना पेटी आणि गाणं शिकवून दिवस काढले होते. आता त्यांच्या मुलाची, मधुकरची, शिक्षण खात्यातली नोकरी मुंबईकडे गेली होती. तिथे दोन खोल्यांत पेटी ठेवायला जागा नव्हती, आणि बाईंना ती नुसती ठेवायचीही नव्हती.

“दत्तोबा,” त्या म्हणाल्या, “कुणाच्या घरी शोभेला ठेवायला देऊ नका. वाजवणारं माणूस बघा. मी गाडीत बसायच्या आधी मला ठाऊक हवं, ती कुणाकडे गेली ते.”

“ठाऊक होईल, बाई,” दत्तोबा म्हणाले.

त्या गेल्यावर दत्तोबा चिठ्ठी लिहायला बसले, आणि मी त्यांना पहिल्यांदाच अडलेलं पाहिलं. ‘मुंबईची घडण. दुहेरी सूर (पितळी पात्या), परदेशी. सगळे सूर जुळलेले. भात्याचं कापड नवीन. दोन सूर बदलले आहेत. सोबत खोका, खोळ, चार जादा सूर.’ एवढं लिहून टाक तसाच हातात राहिला.

“काय राहिलं?” मी विचारलं.

त्यांनी पेटीचं वरचं झाकण उचललं. प्रत्येक पट्टीच्या मागे तारेचा एक स्प्रिंग असतो. तो पट्टीचं मागचं टोक सुराच्या भोकावर दाबून धरतो, म्हणून बोट पडल्याशिवाय सूर निघत नाही. ते म्हणाले, “हे सगळे मी सैल केलेत, मास्तर. दर दसऱ्याला पेटी साफ करायला यायची, तेव्हा थोडे थोडे. बाईंच्या बोटांत संधिवात आहे. पट्टी दाबली जाईना. त्या म्हणायच्या, पेटी जड झाली. मी म्हणायचो, धूळ आहे, काढतो.”

“मग बाईंना माहीत नाही?”

“त्यांना वाटतं, बोटं अजून तशीच आहेत. मुलींना सांगतात, रियाज करा, माझ्यासारखी बोटं राहतील.” त्यांनी झाकण लावलं. “हे लिहिलं तर त्या वाचतील. जाता जाता कशाला?”

त्यांनी टाक पुसून ठेवला आणि चिठ्ठी पेटीला बांधली. गाठीवर बोट मी धरलं.

चौथ्या दिवशी हिम्मतराव आले. सुलतान बाजारच्या भजनी मंडळाचे ते पुढारी, आवाज असा की टाळ नसले तरी चालावं. त्यांनी चिठ्ठी वाचली, दत्तोबांच्या नावावर विश्वास ठेवला आणि म्हणाले, “ऐकवा.” एरवी दत्तोबा गिऱ्हाइकालाच वाजवायला लावत. त्या दिवशी भाता त्यांनी स्वतः धरला. हलका हात, बेताची हवा. सूर निर्मळ निघाले. हिम्मतराव खूश होऊन पेटी घेऊन गेले. बाईंना निरोप गेला की पेटी भजनी मंडळात गेली, रोज वाजेल. बाईंनी दत्तोबांसाठी शेवेचे लाडू पाठवले. ते लाडू दत्तोबांनी आम्हा सगळ्यांना वाटले, स्वतः एकही खाल्ला नाही.

एकादशी झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच पेटी परत आली. दुकानात तेव्हा सावित्रीबाई होत्या. तंबोऱ्याच्या उरलेल्या तारा त्यांना दत्तोबांना देऊन जायच्या होत्या. मला सुट्टी होती म्हणून मी बाकावर होतो.

“क्या दत्तोबा,” हिम्मतरावांनी पेटी खाली ठेवली, “पेटी दिली का भूत दिलं? गजर सुरू झाला, भाता जोरात मारला, तर ही आपोआप बोलायला लागली. बोट एका पट्टीवर, आवाज चार पट्ट्यांचे. लोक म्हणाले, हिम्मतराव, विठोबाच साथ करतोय की काय.”

“असं कसं?” सावित्रीबाई पुढे झाल्या. “माझ्या हातात ती कधी बोलली नाही.”

“तुम्ही भाता हळू मारत असाल, बाई.”

“भाता मारत नाही मी. भाता देते,” बाई म्हणाल्या. “दत्तोबा, काय झालं हो हिला?”

दत्तोबा उभे राहिले. त्यांना खरं सांगायची सवय होती, त्यामुळे बोलताना त्यांची धांदल उडाली नाही. त्यांनी सरळ सांगितलं. स्प्रिंग सैल असले की जोराची हवा पट्ट्यांना आतून ढकलते आणि सूर आपोआप निघतात. स्प्रिंग आपणच सैल केले, दर दसऱ्याला, आणि चिठ्ठीत लिहिलं नाही. “चूक पेटीची नाही, माझी आहे. हिम्मतराव, तुमचे पैसे घ्या. नाहीतर तासाभरात स्प्रिंग घट्ट करून देतो, मग कितीही भाता मारा.”

“द्या करून,” हिम्मतराव म्हणाले. “सूर गोड आहेत. नेतो.”

 सावित्रीबाई पेटीसमोर सतरंजीवर बसल्या. मग म्हणाल्या, “एकच पट्टी घट्ट करा. पहिल्यासारखी. मधला सा.”

दत्तोबांनी झाकण काढलं, चिमट्याने एका स्प्रिंगाला पूर्वीचा बाक दिला आणि बाजूला झाले. बाईंनी भाता दिला आणि सा वर बोट ठेवलं. पट्टी अर्धी खाली गेली. सूर फुटेना. त्यांनी मधलं बोट सोडून अंगठा लावला, तेव्हा निघाला. शेजारच्या रे वर बोट ठेवलं, तो लगेच बोलला. परत सा, परत रे. असं त्यांनी पुष्कळ वेळा केलं.  हिम्मतरावांनी चपला काढून हातात घेतल्या होत्या, का ते त्यांनाच ठाऊक.

“म्हणजे कमल शिकायला होती, पेटी जड वाटायला लागली, तेव्हापासूनच माझी बोटं गेली होती,” बाई स्वतःशीच म्हणाल्या. “आणि मी त्या पोरीला ओरडले, बोटांत जोर नाही म्हणून.” मग दत्तोबांकडे बघून म्हणाल्या, “मला सांगितलं असतंत तर मी शिकवण्या सोडल्या असत्या, असं वाटलं का तुम्हाला?”

“हौ. तसंच वाटलं.”

“सोडल्याच असत्या.” त्या थोडं हसल्या. मग आवाज पहिल्यासारखा झाला, वर्गात असायचा तसा. “सा परत सैल करा. हिम्मतराव, तुम्ही दुसरी पेटी बघा. ही अशीच राहील. एवढी मेहनत केली आहे ह्यांनी, ती पुसून काय करता? आणि चिठ्ठी नवीन लिहा, दत्तोबा. मी सांगते तशी.”

“नक्को बाई, तुमच्या बोटांचं नक्को.”

“माझं नाव कुठे घालायला सांगते? लिहा.”

दत्तोबांनी हिम्मतरावांचे पैसे परत केले. मग बाईंनी सांगितलं आणि त्यांनी लिहिलं : ‘पट्ट्यांचे स्प्रिंग मुद्दाम हलके केले आहेत. ज्याच्या बोटांत जोर नाही, त्याला ही पेटी वाजवता येईल. भाता जोरात मारल्यास सूर आपोआप बोलतील. मोठ्या भजनास उपयोगी नाही.’

मधुकर थोड्या वेळाने आईला न्यायला आला आणि चिठ्ठी वाचून कपाळाला हात लावून बसला. “आई, असं लिहिल्यावर कोण घेणार? आपली गाडी पुढच्या आठवड्यात आहे.”

“नाही कोणी घेतली तर दत्तोबांकडे राहील,” बाई म्हणाल्या. पण जाताना दोनदा मागे वळून बघितलं.

पुढचे दिवस लोक यायचे, चिठ्ठी वाचायचे आणि पुढच्या पेटीकडे सरकायचे. दत्तोबा कोणाला आग्रह करत नव्हते. बाईंच्या निघण्याच्या आदल्या दिवशी तारनाक्याहून एक गृहस्थ आले. उत्तमराव साळवे, मूळचे परभणीकडचे, रेल्वेच्या कारखान्यात नोकरीला. उजव्या हाताची दोन बोटं यंत्रात सापडली होती. बोटं राहिली, पण ताकद गेली. ते पूर्वी वस्तीत पेटी वाजवत. गेल्याच महिन्यात घरचे सगळे नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेऊन आले होते आणि संध्याकाळची बुद्धवंदना मुलं पेटीच्या सुराशिवाय म्हणत होती, ते त्यांना सोसवत नव्हतं. चिठ्ठी त्यांच्या ओळखीच्या एका गार्डने वाचून त्यांना सांगितली होती.

त्यांनी चिठ्ठी स्वतः एकदा वाचली, पुन्हा वाचली. “हे खरंच असं आहे का, का विकायला लिहिलंय?”

“विकायला असं कोण लिहील?” दत्तोबा म्हणाले आणि मला म्हणाले, “मास्तर, बरकतपुऱ्याला जाऊन या जरा.”

मी सावित्रीबाईंना घेऊन आलो, तेव्हा उत्तमराव दुकानाच्या पायरीवर बसून, पेटी खाली ओढून, वाकून पट्ट्या चाचपत होते.

“वर या,” बाई म्हणाल्या. “वाकून पेटी वाजत नाही. इकडे सतरंजीवर बसा.”

उत्तमरावांनी दत्तोबांकडे पाहिलं, मग आत येऊन बसले. बाई समोर बसल्या. उत्तमरावांनी भाता मारला तसे दोन सूर आगंतुकासारखे बोलले. ते दचकले.

“मारू नका. द्या,” बाई म्हणाल्या. त्यांनी आपला वाकडा झालेला हात त्यांच्या हाताशेजारी भात्यावर ठेवला आणि हवा दिली. “असा. श्वास घेतल्यासारखा. घाई नाही.”

उत्तमरावांनी दुखऱ्या बोटाने सा धरला. तो लागला आणि लागून राहिला. मग रे, मग ग. ते वर बघेनात. बाईंनी हात हळूच काढून घेतला तरी सूर हलला नाही.

“वंदना म्हणताना मुलं ओरडतील,” थोड्या वेळाने उत्तमराव म्हणाले. “ही हळू आहे.”

“मग मुलं हळू म्हणायला शिकतील,” बाई म्हणाल्या.

पेटी खोक्यात गेली, खोळ आणि जादा सूर वर ठेवले. दत्तोबा चिठ्ठी सोडायला गेले, तर उत्तमरावांनी अडवलं. “राहू द्या. पुढे कुणी विचारलं तर वाचायला दाखवीन.”

दुसऱ्या दिवशी काचीगुड्याला मनमाडच्या गाडीत बाईंना बसवायला आम्ही दोघे गेलो. खिडकीतून त्यांनी एवढंच विचारलं, “दसऱ्याला उत्तमराव पेटी साफ करायला आणतील ना तुमच्याकडे?”

“आणतील,” दत्तोबा म्हणाले. “आणि पेटीत काय केलं ते मी त्यांना सांगेन.”