अधिक एक म्हणजे जिंकणं नव्हे

माझी नणंद बावीस वर्षं क्लबच्या संघातून बुद्धिबळ खेळली. परवाच्या सामन्यात तिच्याकडे पांढरी मोहरी होती आणि तिने बरोबरी मान्य केली. कप्तानाने शेवटची स्थिती फोनमधल्या बुद्धिबळाच्या इंजिनात, म्हणजे डाव कुणाकडे झुकलाय ते आकड्यात सांगणाऱ्या प्रोग्रॅममध्ये घातली. आकडा आला अधिक एक.

"जिंकलेला डाव सोडलात, ताई! संघात कशाला ठेवायचं तुम्हाला?"

"अहो, अधिक एक म्हणजे पांढऱ्याचं पारडं साधारण एका प्याद्याने जड, एवढंच. दोघांकडे एकेक हत्ती, माझी चार प्यादी, त्याची तीन, सगळी एकाच बाजूला. समोरचा चुकला नाही तर यातून काही निघत नाही."

"म्हणजे मशीनपेक्षा तुम्ही शहाण्या!"

"मग बसा ना याच स्थितीतून पांढरी घेऊन. मी काळी घेते."

सगळ्यांदेखत तो दीड तास झुंजला. प्यादी एकेक करून कटली आणि शेवटी पटावर दोन राजे, दोन हत्ती उरले. बरोबरी.

"तुम्ही मुरलेल्या, म्हणून जमलं," एवढंच तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी संघाची यादी लागली, त्यात तिचं नाव नव्हतं.

"वहिनी," ती मला म्हणाली, "हरले असते तरी काढलं असतं, नाही हरले तरी काढलंच. उगीच बसले गं खेळायला."