दुसऱ्याच्या लेकीचं तोंड

लोह्यातल्या रामलिंगच्या फोटो स्टुडिओला चौतीस वर्षं झाली. मिटलेले डोळे उघडायचे, वारलेल्या आजोबांना नातवाशेजारी बसवायचं, या कामात तालुक्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याला त्याचा अभिमान होता. तोच एकदा त्याला नडला.

हणमंतराव आपल्या लेकीच्या, सृष्टीच्या, जावळाचे फोटो बघायला आले होते.

"एक फेसबुकवर टाकायचाय, सगळ्यांनी बघावा असा. पण आमची बायको पुनम म्हणती, सृष्टीचं तोंड जगाला दाखवायचं न्हाई. तुम्ही दुसऱ्या लेकराचं चिकटवा की! कॉम्प्युटरात शंभर पडलेत."

"त्यात काय मोठं?" म्हणत रामलिंगनं दहा मिनिटांत तोंड बसवलं. जोड दिसत नव्हता. तेवढ्यात सून दामिनी मागं येऊन थांबली. दुकानातलं प्रिंटचं काम तिच्याकडं होतं.

"मामंजी, ही बुद्धप्रियाताईंची लेक न्हाई का? पोस्टातल्या खात्याला फोटो काढला होता."

"कोण वळखतंय?"

"तिची आई वळखंल. तिला विचारलंय का आपण? एकीला झाकायला दुसरीला उघड्यावर मांडायचं?"

"मग ॲपवर करतो," हणमंतराव म्हणाले. "जगात नसलेलं तोंड बनवून देतंय ते."

"दादा, त्याला आधी सृष्टीचाच फोटो द्यावा लागतो. तो पुढं कुठं ऱ्हातो, कुणाला ठाव? आणि तोंड बदललं तरी गळ्यातलं नावाचं लॉकेट तसंच, दारावरची पाटी तशीच."

"रामलिंगमामा, सून गिऱ्हाइकाला शिकवायलीय! नांदेडात दुकानं कमी हायत का?"

रामलिंग पडद्याकडं बघत राहिला. त्या पोरीला हसवायला त्यानं स्वतः खुळखुळा वाजवला होता. आई विश्वासानं बाहेर बाकावर बसली होती. त्यानं ती फाइल पुसली.

मग जावळाच्या फोटोंतलाच दुसरा एक उघडला. सृष्टी तिच्या मामाच्या, पुनमच्या भावाच्या मांडीवर, पाठमोरी. नुकतंच भादरलेलं गोल डोकं, आणि चिमुकल्या मुठीत मामाचं बोट. लॉकेट दिसत नव्हतं. कडेची पाटी त्यानं कापली.

"हा जगाला दाखवा, गावाचं नाव न लिहिता. तोंडाचे अल्बमात लावा. लईच वाटलं तर घरच्यांच्या ग्रुपवर टाका, अन् पुढं पाठवू नका म्हणून सांगा."

हणमंतरावांनी फोटो पुनमला पाठवला. लगेच फोन वाजला. ऐकता ऐकता त्यांचा चढलेला आवाज उतरला. "हाच टाका म्हणती. मूठ बापावर गेलीय म्हणं."

संध्याकाळी रामलिंगनं बुद्धप्रियाला फोन करून सगळं सांगितलं. तिनं सगळं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "आमचे जुने फोटो पुसून टाका, मामा. पुढच्या वर्षी लागला तर तुमच्याकडंच काढू."

दोन दिवस सासरा-सून लेकरांच्या जुन्या फायली पुसत बसले. ठेवायच्या त्या आईबापांना विचारूनच ठेवल्या. तिसऱ्या दिवशी रामलिंगनं पेंटरला बोलावलं. चौतीस वर्षं पाटीवर एकच नाव होतं. त्याच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, त्यानं 'दामिनी' लिहून घेतलं, आणि रस्त्यापलीकडं जाऊन कितीतरी वेळ बघत उभा राहिला.