माणसं कमी, वीज तेवढीच

आमच्या शहराचं नामांतर झालं त्या उन्हाळ्यात माझे धाकटे दीर झरीहून मोटारसायकलवर आले आणि गुळगुळीत कागदाचं एक इंग्रजी पुस्तक त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. सरकीचं तेल काढणाऱ्या एका कंपनीला नव्या कारखान्यासाठी त्यांची रस्त्यालगतची जमीन हवी होती. जमिनीच्या किमतीखेरीज त्यांच्या मुलाला कायमची नोकरी, असं तोंडी ठरलं होतं.

"वैनी, कॉलेजात तुमी कंपन्यांचे हिशोबच शिकवता," ते म्हणाले. "पोरगं तिथं टिकंल का, एवढं बगा."

पुस्तक म्हणजे कंपनीचा शाश्वत विकासाचा अहवाल. असला अहवाल मलाही नवाच होता. पहिली काही पानं झाडं लावणाऱ्या साहेबांच्या फोटोंची. ती मी उलटली आणि तक्त्यांवर आले. चालू कारखाने दोन. दोन्हींत सरकी जवळजवळ सारखीच गाळली जात होती. पण कामगार पहिल्यात जितके, त्याच्या निम्मेही दुसऱ्यात नव्हते.

दुसरीकडे यंत्रं जास्त असतील, असं मला आधी वाटलं. मग हातांचं काम विजेच्या मोटारींवर गेलं असणार आणि टनामागे वीज वाढलेली दिसायला हवी. विजेचा तक्ता काढला. टनामागची वीज दोन्हीकडे तेवढीच. बॉयलरचा कोळसाही तेवढाच. यंत्रं तीच, काम तेच. मग पोती वाहतंय कोण?

आता मला चैन पडेना. चहा गार झाला. मी तळटिपा वाचायला घेतल्या. उत्तर शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होतं: कामगारांच्या आकड्यात ठेकेदाराची माणसं धरलेली नाहीत. वीज मात्र सगळ्या कारखान्याची धरली होती, ती कोणाच्या हातानं वापरली हे मीटर विचारत नाही.

दुसरा कारखाना नवा होता. झरीचा त्याहून नवा होणार, म्हणजे तिथेही माणसं ठेकेदाराचीच असणार.

मी म्हटलं, "भाऊजी, नोकरी आहे का, हे विचारू नका. हजेरी कोणाच्या रजिस्टरात लागणार, ते विचारा."

पुढच्या बैठकीला मी सोबत गेले. दिरांनी तेच विचारलं. कंपनीचा साहेब सभ्य माणूस होता, खोटं बोलला नाही. सुरुवातीला ठेकेदाराकडे, पुढचं पुढे बघू, म्हणाला. कायम नेमणूक खरेदीखताआधी लेखी द्या, असं दीर म्हणाले. त्याला तेवढे अधिकार नव्हते.

कारखाना शेवटी फाट्याजवळच्या दुसऱ्या शेतात झाला. पुतण्या हंगामात तिथे पोती उचलायला जातो, ठेकेदाराकडेच. बाकीचे महिने तो आपल्या जमिनीत असतो. त्याच्या बायकोला हे बरं वाटतं. जाऊबाई अजून म्हणतात, की मी चार पानं कमी वाचली असती तर पोराला साहेबी मिळाली असती.