चौथ्या माळ्याची चौकट

माझ्या पोरानं परदेशातून आमच्या घरासाठी जे पत्र पाठवलं, ते मला नाही, वकिलाला पाठवलं. तेही पोस्टानं नाही, कंप्युटरवरून. नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. ईमेल हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

मी चौथी पास. धुळ्याकडून सुरतेला आलो तेव्हा ओठावर मिसरूड नव्हतं. आधी लूमवर, मग साड्यांच्या घडीखात्यात, तिथंच मुकादम झालो. सुरतेच्या कडेला, कोसाडच्या एका खोलीत पोराला वाढवलं, इंजिनियर केलं. तो अबू धाबीला गेला आणि वर्षभरात फोनवर म्हणाला, "बाबा, तुमच्यासाठी फ्लॅट घ्यायचा. कुठं आवडतो ते बघून ठेवा."

बघून ठेवा म्हणाला, म्हणून मी बघितला. पर्वत पाटियाजवळ एक इमारत उठत होती. बिल्डर ओळखीतला, आमच्या खात्यातून साड्या नेणाऱ्या व्यापाऱ्याचा भाऊ. गोड माणूस. मला पाहिलं की खुर्ची पुसायला लावायचा. चौथ्या माळ्याचा स्लॅब पडला होता, भिंती अर्ध्यावर. पूर्वेकडचा फ्लॅट मी बोटानं दाखवला. "काका, तुम्ही बोट ठेवलं ना, तो तुमचा," असं तो म्हणाला. मी शब्द दिला.

दरवाजाची चौकट बसली त्या दिवशी आम्ही पूजा केली. आमच्याकडे घराची चौकट पूजेशिवाय उभी राहत नाही. बायकोनं हळदकुंकू लावलं, उंबऱ्यावर नारळ फोडला, वरच्या लाकडात खिळा ठोकून त्याला नवधान्याची पुरचुंडी बांधली. कोसाडहून आमच्या पाच सवाष्णी आल्या होत्या. सिमेंटच्या गोण्यांवर बसून सगळ्यांनी लापशी खाल्ली. बायको त्या मोकळ्या खोल्यांतून हिंडली, एका कोपऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "आठे देवघर." इथं देवघर. आयुष्यभर तिनं देव फळीवर ठेवले होते. परतताना ती नुसती हसत होती. आमच्या हिशेबी घर झालं होतं. राहिला फक्त कागद.

मग पोराचा फोन आला, बिल्डरनं दिलेले कागद घेऊन अमुक वकिलांकडे जा.

वकील गुजराती, कोर्टाजवळ ऑफिस. माणूस वाईट नव्हता, चहा पाजला. कंप्युटरमधून निघालेला भोकाभोकांच्या कडांचा कागद त्यानं पुढ्यात धरला. सगळं इंग्रजीत. तो वाचत गेला आणि हिंदीत सांगत गेला.

जमिनीचा सातबारा कुणाच्या नावे. जमीन बिनशेती झाली आहे का, कारण परदेशात राहणाऱ्याला शेतजमीन घेता येत नाही. मागच्या तीस वर्षांचे व्यवहार सब-रजिस्ट्रारकडे बघा. पेपरात जाहीर नोटीस द्या, कुणाचा हक्क असेल तर पुढं येऊ दे. बिल्डरनं ही जागा बँकेकडे गहाण ठेवली आहे का. बानाखत, म्हणजे विक्रीचा करार, रजिस्टर झाल्याशिवाय पहिला हप्ताही नाही. हप्ते कामाप्रमाणे, तेही चेकनंच. आणि महापालिकेतून मंजूर नकाशाची खरी नक्कल काढा, बिल्डरनं दिलेली झेरॉक्स नको. आपला फ्लॅट त्यात कुठं आहे ते बघा.

मी मान हलवत होतो. पोरगं हुशार आहे, असं मनात म्हणत होतो. मग वकील एका ओळीवर अडखळला आणि पुढच्या ओळीवर गेला.

"ती पण वाचा," मी म्हणालो.

"छोडो ना काका, काम की बात नहीं है."

"माझ्या पोराचं आहे. वाचा."

त्यानं वाचलं. मुखत्यारपत्र माझ्या सासऱ्यांच्या नावानं करतो आहे, दूतावासाचा शिक्का मारून पाठवतो, तीन महिन्यांच्या आत तिथं स्टॅम्प लावून घ्या. वडिलांच्या नावे नको. ते शिकलेले नाहीत आणि ओळखीच्या माणसाला शब्द देऊन बसतात.

त्याचा सासरा कचेरीतून रिटायर झालेला कारकून. सुरतेतच आडाजणला राहतो. त्यानं ते घर पाहिलंही नव्हतं.

मी चहा अर्धा ठेवून उठलो. वकील मागून म्हणाला, "काका, बेटा आपका भला ही चाहता है." मी म्हटलं, "भल्याचा कागद वेगळा असतो."

घरी बायकोनं विचारलं, "वकीलनी काय सांगं?"

"सांगं, नवरा तुना अडाणी शे."

तिला समजलं नाही. मीही समजावलं नाही.

काही दिवसांनी वकिलानं पुन्हा बोलावलं. महापालिकेची नक्कल आली होती. टेबलावर नकाशा पसरून त्यानं बोट खालून वर नेलं. खाली पार्किंग, वर पहिला, दुसरा, तिसरा. बोट थांबलं.

"काका, कागज पे आपका माळा है ही नहीं."

मी वाकून बघितलं. तिसऱ्याच्या वर गच्ची काढली होती. ज्या कोपऱ्यात माझ्या बायकोनं मनात देवघर मांडलं होतं, तिथं नकाशात पाण्याची टाकी होती.

मी सरळ साइटवर गेलो. बिल्डर हसला. "काका, सुरतमां बधा एमज करे. दंड भरू, पास करून घेऊ. होई जशे." सगळे असंच करतात, होऊन जाईल म्हणे. मी म्हटलं, तिसऱ्यावर दे. तिसरा सगळा बुक होता. मग त्यानं नेमकी जागा शोधून सुई टोचली, "तुमच्या छोकराला वकील दिसतो, बाप नाही दिसत का?"

त्याच संध्याकाळी मी एसटीडीच्या बूथवरून अबू धाबीला फोन लावला. म्हटलं, पूजा झालेली आहे, शब्द दिलेला आहे, तो दंड भरणार आहे, तू पैसे पाठव.

"बाबा, शब्द रजिस्टर होत नाही."

"तू याच शब्दावर शिकलास. दुकानदारानं तुझी पुस्तकं माझ्या शब्दावर दिली होती."

तो मग म्हणाला, "वकिलांनी नाही म्हटलंय. नको." पैसा त्याचा. विषय संपला.

पोरानं दुसरीकडे फ्लॅट घेतला, आडाजणला, सासऱ्याच्या दोन गल्ल्या पलीकडे. सगळे कागद चोख म्हणे. किल्ली द्यायला व्याही पेढे घेऊन कोसाडला आले. "चला हो, तुमचंच घर आहे." मी म्हटलं, तुमच्या सहीनं झालंय, तुम्हीच राहा. वास्तुशांतीला बायको एकटी गेली. आल्यावर म्हणाली, घर चांगलं आहे, बेसिन आहे, देवघर बांधलेलंच आहे. मी विचारलं, चौकटीला काय बांधलंस? ती म्हणाली, चौकट लोखंडी होती, काही बांधलं नाही. नंतर तिनंही तिकडं जायचा हट्ट धरला नाही. देव फळीवरच राहिले. त्या फ्लॅटमध्ये भाडेकरू आहेत.

लोक म्हणतात, पोरगा बरोबर होता. असेल. नकाशा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे, मला कुणी शिकवू नये. पण ती ओळ वकिलाला लिहायची नव्हती. मला लिहायची होती. इंग्रजीत लिहिली असती तरी कुणाकडून वाचून घेतली असती.

त्या चौथ्या माळ्याला काहीच झालं नाही. ना कुणी पाडला, ना कुणी अडवला. रोख पैसे देऊन कुणीतरी घेतला. एकदा पर्वत पाटियाला काम होतं, तेव्हा पाय आपोआप जिन्याकडे वळले. गुडघ्यांना चार माळे जड गेले. चौकट तीच, वर चॉकलेटी रंग मारलेला. वरच्या लाकडात आमच्या पुरचुंडीचा खिळा तसाच होता, त्याला त्यांनी लिंबू-मिरची अडकवली होती.

आतून पावलं वाजली. त्या घरच्या सुनेनं दार उघडलं. डोक्यावर पदर, कडेवर मूल.

"किसका काम है, दादाजी?"

तिच्या मागे तो कोपरा दिसत होता. तिथं टीव्ही होता.

"किसी का नहीं," मी म्हणालो. "गलत माळे पे आ गया."