दंडावरच्या बलिया

यवतमाळात मी चौतीस वर्षं रक्ताच्या तपासण्यांची लॅब चालवतो. कोणी मला रक्तातलं शिकवायला आलं, की माझं डोकंच फिरतं. तेव्हा आधीच सांगून टाकतो, ही गोष्ट माझ्या फजितीची आहे आणि संगीता राठोडच्या हुशारीची.

संगीता माझी टेक्निशियन. बाभुळगावकडच्या तांड्यावर वाढली, डिप्लोमा केला आणि माझ्याकडे आली ती कायमचीच. मशीनवर तिचा काडीचा विश्वास नाही. "सर, मशीन नुसती मोजते. पाहाले कोणी पाह्यजे ना?" असं ती मला तोंडावर सुनावते. मी ओरडतो, ती आपली स्लाईड रंगवत बसते.

गेल्या डिसेंबरात साठीच्या सुखीबाई आल्या. आठ दिवसांपासून थंडी वाजून ताप येत होता. छातीचा फोटो, लघवी, मलेरिया, डेंग्यू, सगळं नीट निघालं होतं. बरोबर नवरा लखीराम आणि मुलगा बादल. मशीनने पांढऱ्या पेशी दाखवल्या ब्याण्णव हजार. एरवी त्या अकरा हजारांच्या आत असतात. मी फोन उचलला आणि त्यांच्या डॉक्टरांना मोठ्या ऐटीत सांगितलं, "हा सीएमएल, रक्ताचा कॅन्सर. नागपूरला पाठवा." स्लाईड पाहायच्या आधी! एवढा उतावळेपणा मी शिकाऊ असतानाही केला नव्हता.

डॉक्टरांनी बादलला कळवलं. तो लगेच गाडी ठरवायला लागला. सुखीबाईंनी बाकावरूनच ठणकावलं, "मी नाई येत. मराचंच हाय तं तांड्यावर मरन." 

तेवढ्यात संगीता आतून आली. "सर, दोन वेळा मोजलं. बेसोफिल एकबी नाई दिसून राह्यला. तुमी पाहाच."

मी चिडूनच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, आणि चिडणं तिथंच विरलं. सीएमएलमध्ये कच्च्या पेशींपासून पिकलेल्या पेशींपर्यंत सगळ्या पायऱ्यांची गर्दी असते, बेसोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात. इथं बहुतेक पेशी पिकलेल्या, थोड्या जरा कच्च्या. पण त्यांच्यात जाड, काळपट दाणे आणि पोकळ्या होत्या. जंतूंशी झुंजणाऱ्या पेशी अशा दिसतात. डॉक्टरांना पुन्हा फोन लावला. सीएमएलमध्ये वाढते ती प्लीहाही वाढलेली नव्हती. भयंकर जंतुसंसर्गात आकडा असा चढतो, अगदी कॅन्सरसारखा. मी माझा शब्द मागे घेतला आणि खात्रीसाठी सीएमएलच्या जनुकाची तपासणी मुंबईला पाठवली.

पण पू होता कुठे? तो सापडायच्या आत बाईंना नागपूरच्या रस्त्यावर काढलं असतं, तर विष रक्तात भिनून काय झालं असतं, विचारूच नका.

संगीता सुखीबाईंजवळ जाऊन बसली. "याडी," म्हणजे आई, अशी हाक मारून बंजाऱ्यांच्या गोर बोलीत कुठं दुखतं ते हळूहळू विचारत राहिली. मग तिने त्यांच्या डाव्या दंडावरची ओढणी बाजूला केली. कोपरापासून खांद्यापर्यंत पांढऱ्या बलिया, म्हणजे बंजारा बायकांच्या घट्ट बांगड्या, आणि त्यांच्या फटीतून लाल, ताणलेलं कातडं. कापूस वेचताना पऱ्हाटीचा खुंट लागला होता. आठ दिवसांत कोणीही त्या बांगड्यांखाली पाहिलं नव्हतं. मीही नाही.

"बलिया कापा लागतीन," मी म्हणालो.

सुखीबाईंनी दंड पोटाशी धरला. "धनी जिता हाय माहा! रांडावल्यावर काढतेत हे. कोणी हात नोको लावू."

मी तावातावाने समजवायला लागलो. संगीताने मला डोळ्यांनीच गप्प केलं आणि खणातला कटर काढून थेट लखीरामच्या हातात दिला. "याडी, नवरा गेल्यावर काढतेत ना? इथं तं नवराच काढून राह्यला."

लखीराम रडत होता आणि कापत होता. एकेक तुकडा त्याने धोतराच्या सोग्यात घेतला. शेवटची बलिया निघाली तेव्हा दिसलं, गळू थेट काखेपर्यंत पोचलं होतं. त्याच दुपारी सर्जनने ते फोडलं. वाटीभर पू निघाला. तिसऱ्या दिवशी पेशी चव्वेचाळीस हजार, दहाव्या दिवशी चौदा हजार. मुंबईचा रिपोर्टही आला, सीएमएल नाही. खरं सांगतो, मला संगीताचे पाय धरावेसे वाटले. मी फक्त चहा मागवला.

दीड महिन्याने तिघं परत आले. पेशी आठ हजार. दंडावर व्रण होता, बाकी मोकळा. लखीरामने पिशवीतून नव्या कोऱ्या बलिया काढल्या.

"घरीच भरायच्या होत्या की," मी म्हणालो.

"इथंच उतरवल्या ना," तो म्हणाला. "मंग इथंच भरतो."

सुखीबाईंनी हात पुढे केला आणि संगीताकडे पाहून हसल्या. "कापताना लय थरथरत होता हा. पाह्य आता, कसा भराभर भरून राह्यला."