महिनाअखेरपर्यंतचा दर

मागांच्या खडखडाटात ह्यांचे कान गेले, तेव्हापासून फोन मला घ्यावा लागतो. अनोळखी माणसाशी बोलताना मला घाम फुटतो. पण घरात दुसरं कोण आहे?

एका मोठ्या दवाखान्याच्या टॉवेलसाठी आम्ही दर दिला होता. सुताचा भाव सारखा बदलतो, म्हणून कागदावर खाली ह्यांनी मुद्दाम लिहायला लावलं होतं, हा दर या महिनाअखेरपर्यंतच. ऑर्डर येणार या आशेवर एक मागही रिकामा ठेवला होता.

महिना संपत आला आणि तिथल्या खरेदीच्या साहेबांचा फोन आला. आवाज दमलेला.

"ताई, दर अजून महिनाभर तेवढाच धरा. फाइल अकाउंटला अडकलीय. तिथून मोठ्या साहेबांकडं जाईल."

"लवकर नाही का व्हायचं?" मी कसंबसं विचारलं.

"माझ्या हातात असतं तर आजच सही केली असती. तुमचा दर संपला तर सगळ्यांकडून परत कोटेशन मागवायला लागतील. पहिल्यापासून."

मला नाही म्हणता येत नाही. विचारून सांगते म्हणाले आणि फोन ठेवला.

ह्यांच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं. हे म्हणाले, "आपण दर धरायचा, अन् आपल्यासाठी सुताचा भाव कोण धरणार? त्यांचा मोठा साहेब? सूतवाल्याला इचार की."

सूतवाल्या शेटजींना फोन लावला. "भाव महिनाभर तेवढाच ठेवता का? ऑर्डरची सही व्हायची राहिलीय." त्या साहेबांसारखीच मीही अजीजी करत होते.

शेटजी हसले. "अक्का, गिरणीवाला मला आठवडा धरत न्हाय, तुमाला महिना कुटनं धरू?"

मग मनात चार वेळा घोकून साहेबांना फोन केला. "घरात आहे तेवढ्या सुतात जेवढे टॉवेल होतील, तेवढ्यांना जुना दर. बाकीच्यांना ऑर्डर येईल त्या दिवशीच्या सुताच्या भावानं."

साहेब म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, ताई. पण फाइलवर एकच दर आहे. दोन झाले की हे पत्रसुद्धा परत सहीला जाणार."

"मग?"

"पाठवा तरी. सह्यांसाठी फिरवतो."

मीच वाकड्यातिकड्या अक्षरात पत्र लिहिलं. ह्यांनी उभ्याउभ्याच सही केली. फोटो काढून पाठवलं. आमच्याकडची मंजुरी तेवढ्यात झाली.

"काय म्हणाले?" ह्यांनी विचारलं.

"थांबा म्हणाले," मी ओरडले.

ह्यांनी घरातलं सूत कोपऱ्यात झाकून ठेवलं. मग राखून ठेवलेल्या मागावर दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या नॅपकिनचं सूत गुंडाळलेलं बीम चढवायला घेतलं. मी पलीकडून धरलं. बीम जड होतं. फोन खिडकीत ठेवला होता, आवाज मोठा करून.