कुत्र्याला ग्रेसमार्क

आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याला तपासून गेल्यावर शहाद्याच्या डॉक्टरांनी घरी पत्र पाठवलं. ब्राह्मणपुरीत कुत्र्याविषयी पत्र आलेलं हे पहिलंच असावं. नवऱ्याने लगेच शेरा मारला, "म्हशी सोडीसन आते कुत्रासले पत्रं लिखी ऱ्हायनात!"

पत्र मात्र फार समजुतीने लिहिलं होतं. दुखणं, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, चालणं या प्रत्येकाला दहापैकी गुण द्या. रोज एकाच माणसाने द्या. जनावर दुखणं लपवतं. विव्हळत नाही म्हणजे दुखत नाही असं समजू नका. वाईट दिवस चांगल्या दिवसांहून जास्त होऊ लागले, तर शांतपणे निरोप देण्याबद्दल बोलू. घाई नाही, निर्णय तुमचाच.

कुत्र्याचं खालचं-वरचं मी करायची, तेव्हा गुण देणारी मीच, असं मला भाबडेपणाने वाटलं. पण सासरे निवृत्त हेडमास्तर, आणि कुत्रा त्यांचा. लाल पेन त्यांच्याकडे गेला. सुरतेच्या नणंदबाईंनी व्हिडिओ कॉलवर शेपटी हललेली पाहिली आणि आनंदाला दहा देऊन टाकले. इतक्या लांबून निदान करायला विद्याच लागते.

सासरे भाकरी दुधात कुस्करून त्याच्या तोंडात बोटाने सारायचे. भूक : आठ. पोटाखाली गमछा घालून, त्याला उचलून फाटकापर्यंत न्यायचे. चालणं : सात. मी म्हटलं, "आबा, चालतो तो गमछा."

"मन्हा हातखाल कोणी नापास व्हयना नही," ते म्हणाले. खरंच होतं ते. अर्धा गाव त्यांच्या ग्रेसमार्कांवर दहावीपर्यंत पोचला आहे.

अंथरुणाला घासून कुत्र्याच्या मांडीला जखम झाली होती. एका दुपारी मी ती धूत होते, आबांनी त्याला धरलं होतं. त्याने मान वळवली आणि आबांचा हात चावला. आयुष्यात पहिल्यांदा. मग तोच हात चाटत बसला. आबांनी रक्त पुसलं नाही. इतके दिवस मला त्यांचा जो राग येत होता, तो त्या क्षणी सगळा ओसरला, नुसतं रडू आलं. शेवटी ते म्हणाले, "डॉक्टरले फोन लाव."

डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी आले. आधी गुंगीची सुई देतो, तो गाढ झोपेल, मग शिरेतली दुसरी, ती त्याला कळणारही नाही, असं त्यांनी आबांना सांगितलं. पहिली सुई दिली. थोड्या वेळात त्याची धाप थांबली, पाय सैल झाले, आणि आबांच्या मांडीवर तो घोरू लागला.

डॉक्टरांनी दुसरी सुई भरली. आबांनी हळूच त्यांचा हात अडवला.

"थोडा टाइम झोपू द्या त्याले," ते म्हणाले. "कितला दिनथीन असा झोपना नही व्हता तो."